₹2,15,000 आणि कुठेही न चालणारं जर्मन बी1 प्रमाणपत्र

आकडे आधी सांगते, कारण ओळखीतल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. नर्सना जर्मनीला पाठवतो म्हणणाऱ्या पुण्यातल्या एका क्लासची नोंदणी ₹10,000. कोर्स ₹1,44,000, तोही "सोप्या हप्त्यांत". परीक्षेचा स्लॉट ₹26,000. नर्सिंगच्या शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळवायची फाईल ₹35,000. एकूण ₹2,15,000. मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे, हातात ₹31,000 पडतात. म्हणजे माझा जवळजवळ सात महिन्यांचा पगार.

दुसरा प्रश्न असतो, "शिकलेली बाई, फसलीस कशी?" त्याचंही उत्तर देते. चौकशी केल्याशिवाय मी गेले नव्हते. नर्सला जर्मनीत परवाना मिळायचा तर ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत्या पातळ्यांपैकी साधारणपणे बी2 पातळीची जर्मन लागते आणि तिथे जाऊन मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करायची असेल तर इथून निघताना बी1 तरी हातात असलेलं बरं, एवढं मला माहीत होतं. क्लासने नेमकं तेच सांगितलं. खोटं बोलणाऱ्याची निम्मी वाक्यं खरी असली की बाकीची निम्मी कोण तपासणार?

त्यात काउन्सेलरच्या टेबलावर वर्तमानपत्रातलं कात्रण लॅमिनेट करून ठेवलेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्याची बातमी. करार खरा, पहिल्या टप्प्यात 10,000 जण पाठवायचं उद्दिष्टही खरं. त्या कात्रणावर बोट ठेवून तो म्हणाला, "मॅडम, यातला नर्सिंगचा कोटा आमच्याकडून जातो." आता कळतं की त्या योजनेतलं भाषेचं प्रशिक्षण सरकार स्वतःच्या खर्चाने देणार होतं. तसं असताना कोटा विकत घ्यायचा प्रश्न येतोच कुठे? पण समोर बातमी आणि बातमीत मंत्र्यांचा फोटो असताना हा प्रश्न सुचत नाही.

वेळेचा हिशेब मात्र तिथे बसल्या बसल्या करता आला असता. "आठ महिन्यांत बी2, संध्याकाळची बॅच, आठवड्याचे पाच दिवस, रोज दीड तास." ग्योथं इन्स्टिट्यूट (आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन) बी1 साठी 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका धरतं आणि बी2 साठी 600 ते 800. दीड तास म्हणजे दोन तासिका. महिन्याचे बावीस दिवस, आठ महिने, एकही दिवस न चुकवता गेलात तर 352. म्हणजे जेमतेम बी1 च्या उंबऱ्यापर्यंत. माझ्यासारखीला महिन्यातून एक आठवडा इव्हिनिंग आणि एक आठवडा नाइट असते, नाइटनंतर त्या तासाला बसले तरी डोळे उघडे आणि डोकं बंद. तिचं ते 352 सुद्धा होत नाही. कुणीही नोकरी करून आठ महिन्यांत बी2 म्हणाला की कागदावर एवढा एक गुणाकार करा.

सुरुवातीला शिकवणी चांगली होती, हे मान्य करायलाच हवं. ए1 ची बाई जीव तोडून शिकवायची. ए2 अर्ध्यावर आलं आणि ती दिसेनाशी झाली. पगार थकला होता, असं नंतर कळलं. मग एक मुलगा आला, जो धडा वाचून दाखवायचा. मग रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. शिकवणी अशी का आटत गेली ते कर्जाच्या कागदांनी समजावलं, ते पुढे सांगते.

सातव्या महिन्यात परीक्षेची गोष्ट निघाली. खऱ्या परीक्षेच्या जागा ऑनलाइन उघडतात आणि बघता बघता भरून जातात, हे जर्मन शिकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. दोनदा मी स्वतः नाइट संपवून मोबाईल घेऊन बसले होते, हाती काही लागलं नाही. तेव्हा क्लासवाल्यांनी सांगितलं की आमच्याच सेंटरला "ऑफिशियल बी1" होणार आहे, स्लॉटचे ₹26,000. पैसे मागितले एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. "कंपनीच्या खात्यात जीएसटीचा घोळ आहे," म्हणे. दिले.

आणि आता ती परीक्षा. तिच्याबद्दल मी इतक्या वेळा स्वतःशीच भांडले आहे की जरा सविस्तर सांगणारच.

खऱ्या बी1 ला चार भाग असतात. वाचन 65 मिनिटं, ऐकणं 40, लेखन 60, आणि बोलणं. बोलण्याची परीक्षा साधारण जोडीने होते. दोन उमेदवार, समोर दोन परीक्षक, उमेदवारांनी एकमेकांशी बोलून काहीतरी ठरवायचं, मग प्रत्येकाने एका विषयावर छोटं सादरीकरण करायचं. आमच्या हॉलमध्ये दारावर कुणी पासपोर्ट बघितला नाही. मोबाईल बाकावरच होते. बोलण्याच्या परीक्षेला आमचाच तो धडा वाचणारा मुलगा एकटा बसला होता. त्याने माझं नाव, गाव आणि कुटुंबाविषयी विचारलं, जे ए1 ला विचारतात. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण आधीची खरी परीक्षा मी पाहिलीच नव्हती, तर तुलना कशाशी करणार? बारावीच्या बोर्डाला पासपोर्ट बघतात का?

पण ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि पहिलंच रेकॉर्डिंग माझ्या ओळखीचं निघालं. तोच आवाज, तीच वाक्यं. महिनाभर बसमध्ये कानात घालून ऐकलेला सराव संच होता तो. ग्योथंच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतो तो. प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच उत्तरं माहीत होती. शिवाय खऱ्या परीक्षेत ऐकण्याच्या चार भागांपैकी पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, मधले दोन एकदाच. इथे सगळंच दोनदा वाजवलं, आणि मागून कुणीतरी "सर, परत लावा ना" म्हणाल्यावर तिसऱ्यांदाही.

हाच तो क्षण. सराव संचच परीक्षेला येतो म्हणजे ही परीक्षा नाही, हे कुणालाही कळावं. मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, माझी मेहनत फळाला आली! शेजारच्या मुलीकडे बघून मी हसलेसुद्धा. आदल्या रात्री दोन व्हेंटिलेटर सांभाळून, सकाळचा हँडओव्हर देऊन थेट हॉलवर आले होते. त्या अवस्थेत सोपा पेपर हातात पडला तर माणूस संशय घेत नाही, देवाला नमस्कार करतो. आणि असा नमस्कार करणारी तिथे मी एकटी नव्हते, सगळा हॉल खुशीत होता.

प्रमाणपत्र चौथ्या दिवशी मिळालं. निळा कागद, युरोपचे तारे, "सीईएफआर बी1" आणि माझे 84 टक्के. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सीईएफआर ही नुसती पातळ्या मोजायची युरोपीय पट्टी आहे, ती कुणाची परीक्षा घेत नाही की प्रमाणपत्र देत नाही. ए1, बी1 ही अक्षरं कुणीही छापू शकतो. व्हिसाला आणि मालकाला हवं असतं ते ग्योथं, टेल्क, ओएसडी अशा मान्य संस्थेचं प्रमाणपत्र. त्यावर चारही भागांचे गुण वेगवेगळे असतात. ग्योथंच्या बी1 ला प्रत्येक भाग 100 गुणांचा आणि प्रत्येकात 60 हवेतच. सगळ्यांचे मिळून 84 टक्के असा एकच आकडा दिसला की कागद बाजूला ठेवायचा. टेल्क आणि ओएसडीची परवानाधारक केंद्रं खासगी संस्थांतही असतात, म्हणून क्लासच्या इमारतीत परीक्षा झाली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. त्या केंद्राचं नाव परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत आहे का, ते बघा. क्लासच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये नाही.

भांडं फोडलं माझ्याच युनिटमधल्या केरळच्या सिस्टरने. कौतुकाने प्रमाणपत्र दाखवायला गेले तर तिने विचारलं, "अगं, यावर मॉड्यूलचे मार्क कुठे आहेत?" आणि लगेच दुसरं, "तू एजंटला पैसे कशाला दिलेस?" तिची मावसबहीण जर्मन सरकारच्या ट्रिपल विन कार्यक्रमातून गेली होती. केरळात तो नॉर्का रूट्स या राज्य सरकारच्या संस्थेमार्फत चालतो. भाषेचं शिक्षण, परीक्षा, मान्यतेची कागदपत्रं, नर्सने द्यायचं काही नाही, खर्च जर्मनीतलं रुग्णालय उचलतं. परदेशी परिचारिका नेणाऱ्या कंपन्यांसाठी जर्मनीत प्रामाणिक भरतीचा सरकारी शिक्काही आहे आणि त्याची अटच अशी की नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत. हे तिने मला चहा पिता पिता सांगितलं. मी ₹2,15,000 देऊन बसले होते.

मग हट्टाने खरी परीक्षा दिली, रीतसर जागा मिळवून. वाचन 63, लेखन 61, ऐकणं 43, बोलणं 52. दोन भाग पास, दोन नापास. बी1 चे भाग सुटे देता येतात, त्यामुळे उरलेले दोनच पुन्हा द्यायचेत, तेवढं एक बरं. पण आकडे बघा. वाचन आणि लेखन मी घरी पुस्तक घेऊन केलं होतं. ज्यासाठी क्लास लागतो, समोर माणूस लागतो, तेच दोन्ही भाग गेले.

मान्यतेच्या फाईलचे ₹35,000 कुठे गेले तेही ऐका. मी विचारलं की अर्ज पोचल्याची पोच दाखवा. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये परिचारिकांच्या मान्यतेचं काम श्टुटगार्टच्या शासकीय कार्यालयाकडे असतं. अर्ज गेला की त्यांच्याकडून पोच येते, फाईलचा क्रमांक असतो, आणि पुढे आपल्या शिक्षणात काय कमी पडतं त्याचं लेखी पत्र येतं, मग तिथे पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. मला पोच म्हणून काय मिळालं? पुण्यातल्या कुरिअरची पावती, तीही अर्धवट फाटलेली. माझ्या मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडेच होत्या, त्या परत आणायला मला तिथे आवाज चढवावा लागला. मूळ कागद कुणालाही देऊ नका. भाषांतराला स्कॅन पुरतो.

पैसे परत मागितल्यावर दोन आठवडे "अकाउंट्सला सांगतो", मग फोन बंद, मग डेक्कनजवळच्या त्या दुसऱ्या मजल्याला कुलूप. आणि महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून ₹8,000 नेहमीसारखे कापले गेले.

कारण तो हप्ता नव्हताच, कर्ज होतं. प्रवेशाच्या दिवशी एका मुलाने टॅबवर माझा फोटो काढला, डोळे मिचकावायला सांगितले, आधारचा ओटीपी घेतला आणि म्हणाला, "फी हप्त्याने करतोय मॅडम, व्याज शून्य." त्याने एका कर्जकंपनीत माझ्या नावाने ₹1,44,000 चं अठरा महिन्यांचं कर्ज काढलं. करार मेलवर आला, रात्री ड्युटीवर असताना. व्याज क्लासने आपल्या वाट्यातून दिलं असेल, पण बाकीची रक्कम त्याला सुरुवातीलाच एकहाती मिळाली. मग बाईचा पगार कशाला द्यायचा, बी2 पर्यंत शिकवायचं कशाला? आम्ही शिकलो काय, न शिकलो काय, त्याचे पैसे आधीच खिशात. मी सात हप्ते म्हणजे ₹56,000 भरले, ₹88,000 बाकी. फी हप्त्याने म्हणाले तर एकच विचारा, हप्ता क्लासला जाणार की तिसऱ्या कुणाला? ओटीपी मागितला की ते कर्ज. कर्जाच्या माहितीपत्रकात विनादंड परत फिरायची मुदत लिहिलेली असते, ती त्याच दिवशी शोधा. मी शोधली तेव्हा ती मुदत कधीच संपलेली होती.

कर्जकंपनीला फोन केला. "मॅम, क्लासशी आमचा संबंध नाही, कर्ज तुमचं आहे." संबंध नाही तर तुमचा टॅबवाला मुलगा त्यांच्या ऑफिसात खुर्ची टाकून का बसला होता? त्याला उत्तर नाही. बँकेतून हप्ता थांबवला तर हप्ता बाउन्स झाल्याचा दंड ₹590 आणि सिबिल खाली. मग वसुलीवाल्यांचे फोन, एकदा तर रुग्णालयाच्या लॅन्डलाइनवर. इन्चार्ज सिस्टरने सगळ्यांसमोर विचारलं, "कसलं कर्ज घेतलंस गं?" पैशांपेक्षा तो अपमान जास्त लागला.

आता पोलीस. आमच्या भागातल्या ठाण्यात गेले तर म्हणाले, क्लास जिथे आहे तिथे जा. तिथे गेले तर म्हणाले, तुमचं खातं जिथे आहे तिथे जा. कायद्याने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे त्यांना मी सांगायचं! सांगितलंही. साहेब हसले आणि म्हणाले, "मॅडम, त्यांनी शिकवलं तर होतं ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला आहे." बनावट परीक्षेचं सांगितल्यावर म्हणाले, "प्रमाणपत्रावर त्यांचंच नाव आहे, दुसऱ्या कुणाचं कुठे आहे?" शेवटी अर्ज घेतला, शिक्का दिला आणि "चौकशीवर ठेवतो" म्हणाले. ड्युटी बदलून, सुट्ट्या कापून घेऊन मी त्या बाकावर बसत होते आणि प्रत्येक वेळी समोर नवा माणूस, ज्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. एका हेल्पलाईनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, त्यामुळे हा सायबर गुन्हा होत नाही. म्हणजे चोराने हिसकावले असते तर बरं झालं असतं! आर्थिक गुन्ह्यांच्या कार्यालयात एकाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, रक्कम लहान आहे. लहान कुणासाठी? आमच्या बॅचला चाळीस जण होतो. गुणाकार करा की.

मला एकाही टेबलावर न सांगितलेल्या गोष्टी एका वकील मैत्रिणीने फोनवर दहा मिनिटांत सांगितल्या. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं जुनं 420 गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), शिक्षा सात वर्षांपर्यंत. अशा गुन्ह्यात पोलिसांनी प्राथमिक चौकशी केलीच, तर ती ठरावीक मुदतीत संपवायची असते. "चौकशीवर" म्हणजे कायमचं नाही. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस उपायुक्तांना, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. पोस्टाने का, तर पोचपावती आपल्या हातात राहते. तोंडी काही करू नका.

परदेशात नोकरी लावतो म्हणून पैसे घेणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं, आणि नोंदणीकृत एजंटलाही ₹30,000 अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आमच्यावाल्याचं नाव तिथे नव्हतं. पावत्यांवर त्याने हुशारीने "प्रशिक्षण शुल्क" लिहिलं होतं, नोकरीचा शब्दही नाही. पण व्हॉट्सॲपवर "इंटरव्ह्यू गॅरंटी, 2,800 युरो" असं त्याच्याच नंबरवरून आलेलं आहे. हे मेसेज पुसू नका, चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा. माझ्या बॅचमधल्या एकीने रागाच्या भरात ग्रुप सोडला आणि सगळं डिलीट केलं.

कर्जकंपनीची लेखी तक्रार आधी तिच्याकडेच करायची, तीस दिवसांत समाधान नाही झालं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर. मी केली आहे. हप्ते मात्र तूर्त भरते आहे, कारण सिबिल आणखी पडलं तर भावाच्या घरकर्जाला माझी सही चालणार नाही.

ग्राहक आयोगाकडे जाणं आता ठरलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, आणि सारखीच तक्रार असलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. आम्ही अकरा जण तयार आहोत. त्याच बॅचमधले आणखी कुणी असाल तर नोंदणीची पावती, कर्जाचा करार, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि तो निळा कागद घेऊन या. निळा कागद फाडून टाकला असेल तर स्कॅन तरी शोधा, कारण खाली सही कुणाची आहे ते दाखवणारा दुसरा पुरावा आमच्याकडे नाही.